स्ट्रोब चेकलिस्टचा नववा मुद्दा: बायस आणि कन्फाउंडिंगचा हिशेब कुठे आणि कसा लिहायचा

हस्तलिखित जर्नलला पाठवायच्या आदल्या रात्री निरीक्षणात्मक अभ्यासाच्या वृत्तात काय-काय लिहायचे ते सांगणारी स्ट्रोबची चेकलिस्ट उघडली जाते, भराभर पान क्रमांक भरले जातात आणि नवव्या मुद्द्यापाशी हात थबकतो. मुद्दा जेमतेम एका ओळीचा आहे: बायसच्या संभाव्य स्रोतांना तोंड देण्यासाठी काय प्रयत्न केले ते सांगा. बहुतेक जण चर्चेतल्या ‘मर्यादा’ परिच्छेदाचा पान क्रमांक तिथे टाकून मोकळे होतात. समीक्षकाला ते लगेच दिसते, कारण नववा मुद्दा पद्धतींच्या विभागातला आहे. मर्यादांसाठी एकोणिसावा मुद्दा वेगळा आहे. नवव्यात काय केले ते सांगायचे, एकोणिसाव्यात ते करूनही काय उरले ते.

या लेखात चेकलिस्टचे सगळे मुद्दे घेतलेले नाहीत. शीर्षक, निधी, सारांश हे भाग कुणालाही जमतात. अडते ते बायस, म्हणजे आकडा एका दिशेने ढकलणारी चूक, आणि कन्फाउंडिंग, म्हणजे तिसऱ्याच घटकाचा परिणाम आकड्यात मिसळणे, यांपाशी, कारण त्यांची माहिती एका मुद्द्यात मावत नाही. ती सहाव्या मुद्द्यापासून एकोणिसाव्यापर्यंत पसरलेली असते आणि मध्ये कुठे दुवा तुटला की वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो.

## आधी योग्य चेकलिस्ट घ्या

स्ट्रोब २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २२ मुद्दे आहेत. त्यांपैकी १८ मुद्दे कोहोर्ट, केस-कंट्रोल आणि क्रॉस-सेक्शनल या तिन्ही रचनांना सारखेच लागू होतात. सहावा, बारावा, चौदावा आणि पंधरावा हे चार मुद्दे मात्र रचनेप्रमाणे बदलतात. तिन्ही रचनांच्या स्वतंत्र चेकलिस्ट मिळतात, त्यातली आपली घ्यावी. एकत्रित चेकलिस्ट घेतली की दुसऱ्या रचनेच्या ओळी ‘लागू नाही’ म्हणून सोडताना आपली ओळही सोडली जाते, असे सर्रास घडते. तुमची माहिती संशोधनासाठी गोळा केलेली नसून दवाखान्याच्या किंवा विम्याच्या नोंदींतून आली असेल, तर २०१५ ची रेकॉर्ड ही स्ट्रोबची पुरवणीही भरावी लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. स्ट्रोब अभ्यासाचा दर्जा मोजत नाही. २२ पैकी २२ मुद्दे भरलेला अभ्यासही वाईट असू शकतो. म्हणून हस्तलिखितात ‘हा अभ्यास स्ट्रोबनुसार करण्यात आला’ असे लिहू नका. अभ्यास प्रोटोकॉलनुसार होतो, स्ट्रोबनुसार होते ते वृत्तलेखन. ‘या अभ्यासाचे वृत्त स्ट्रोबच्या मार्गदर्शनानुसार दिले आहे’ एवढे पुरेसे आहे.

चेकलिस्टच्या तक्त्याला आपला एक जास्तीचा रकाना जोडा. छापील रकान्यात पान क्रमांक विचारलेला असतो, पण ओळींमधले अंतर बदलले की पाने सरकतात. म्हणून ‘पद्धती, परिच्छेद ४’ असे लिहा आणि जास्तीच्या रकान्यात त्या परिच्छेदातले नेमके वाक्य उतरवा. हा रकाना जर्नलला पाठवायचा नाही, तो तुमच्यासाठी आहे. वाक्य उतरवता आले नाही, तर ते हस्तलिखितात नाहीच, हे तिथेच कळते. ‘आपण ते लिहिले आहे’ ही समजूत या रकान्याइतकी दुसऱ्या कशानेही उतरत नाही.

## एक नमुना अभ्यास

पुढचे सगळे एका कल्पित अभ्यासावर बघू. आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

प्रश्न असा: ६५ वर्षे व त्यावरील लोकांमध्ये झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना वर्षभरात पडण्याचा धोका जास्त असतो का? रचना कोहोर्टची. १,२०० जणांना विचारले, १,००० जणांनी संमती दिली. सुरुवातीच्या मुलाखतीत मागच्या ४ आठवड्यांत आठवड्याला किमान ३ रात्री गोळी घेतलेले २५० जण निघाले, उरलेले ७५० गोळी न घेणारे. १२ महिने दर महिन्याला फोन करून पडल्याची नोंद घेतली. वर्षअखेरीस गोळी घेणाऱ्यांपैकी २१० आणि न घेणाऱ्यांपैकी ६९० जणांची पूर्ण माहिती हाती होती. पहिल्या गटात ६३ जण निदान एकदा पडले, म्हणजे ३० टक्के. दुसऱ्या गटात १३८, म्हणजे २० टक्के. कच्चे जोखीम-गुणोत्तर १.५०, त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.१६ ते १.९४.

आता या १.५० वर विश्वास का ठेवावा किंवा का ठेवू नये, हे वाचकाला ठरवता आले पाहिजे. त्यासाठी लागणारी माहिती द्यायची आहे.

## पायरी १: धोक्यांची यादी विश्लेषणाआधी करा

कागदाच्या डाव्या बाजूला धोका लिहा. त्याच्यापुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहा: हा धोका कुठल्या दिशेने आकडा ढकलेल? रचनेत त्यासाठी काय केले? विश्लेषणात काय केले? काय उरले? ‘काय उरले’ हा शेवटचा रकाना इथे दाखवलेला नाही, बाकी आपल्या अभ्यासासाठी काही ओळी अशा दिसतील:

| धोका | अपेक्षित दिशा | रचनेत | विश्लेषणात |
|---|---|---|---|
| निद्रानाश हाच पडण्याचे कारण | गुणोत्तर फुगेल | सुरुवातीला तीव्रता मोजली | ॲडजस्ट केले |
| आधी पडलेल्यांना डॉक्टर गोळी देणे टाळतात | गुणोत्तर दबेल | मागच्या वर्षीच्या पडण्याची नोंद | ॲडजस्ट केले |
| पडलेले विसरणे | कोण विसरते त्यावर | दरमहा फोन, पडल्याची वही | सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस |
| गळती दोन गटांत वेगळी | सांगता येत नाही | दुसरा संपर्क क्रमांक घेतला | गृहीतके बदलून पाहिले |
| मद्यपान विचारलेच नाही | बहुधा फुगेल | काही नाही | ई-व्हॅल्यू |

दिशेचा रकाना नवख्यांना सर्वांत जड जातो आणि नेमका तोच स्ट्रोबच्या एकोणिसाव्या मुद्द्यात मागितलेला आहे. तिथे बायसची दिशा आणि प्रमाण दोन्हींची चर्चा करा, असे स्पष्ट म्हटले आहे. ‘बायसची शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्यात दोन्ही नाहीत. ते वाक्य कुठल्याही अभ्यासाच्या शेवटी चिकटवता येते, म्हणून ते काहीच सांगत नाही.

दुसऱ्या ओळीकडे बघा. कन्फाउंडिंग म्हणजे आकडा नेहमी फुगतो असे नाही. आधी पडलेल्या माणसाला गोळी कमी मिळत असेल, तर गोळी घेणारा गट मुळातच कमी पडणारा होतो आणि खरा फरक झाकला जातो. अशा वेळी ॲडजस्ट केल्यावर गुणोत्तर वाढते. ‘ॲडजस्ट केल्यावर आकडा कमीच व्हायला हवा होता’ म्हणून मॉडेल बदलत बसणारे लोक असतात, त्यांनी ही ओळ लक्षात ठेवावी.

## पायरी २: सातवा आणि आठवा मुद्दा, म्हणजे कन्फाउंडरची नावे आणि मोजमाप

सातव्या मुद्द्यात परिणाम म्हणजे इथे पडणे, एक्स्पोजर म्हणजे इथे गोळी घेणे, संभाव्य कन्फाउंडर आणि परिणाम बदलणारे घटक या सगळ्यांची व्याख्या द्यायची असते. कन्फाउंडरची यादी पहिल्यांदा निकालांच्या तक्त्याखालच्या टीपेत भेटली, तर ती माहिती पाहून बनवली असावी, असा वाचकाचा समज होतो आणि त्यात त्याची चूक नसते.

यादीसोबत निवडीचे कारण हवे. कन्फाउंडर म्हणजे जो गोळी घेण्यावरही परिणाम करतो आणि पडण्यावरही, पण गोळीमुळे घडलेला नसतो. निद्रानाशाची तीव्रता, वय, लिंग, नैराश्य, मागच्या वर्षी पडणे, दृष्टी आणि इतर औषधांची संख्या हे घटक या कसोटीवर उतरतात. दिवसा येणारी गुंगी उतरत नाही. गोळी घेतल्यामुळे गुंगी येते आणि गुंगीमुळे माणूस पडतो, म्हणजे ती मधली कडी आहे. तिच्यासाठी ॲडजस्ट केले तर आपण ज्या वाटेने होणारा परिणाम शोधतो आहोत, तीच वाट बंद होते. हे ठरवायला कोणता घटक कशावर परिणाम करतो ते दाखवणारी बाणांची आकृती काढा. ती पुरवणीत द्या आणि मजकुरात तिचा उल्लेख करा.

निवड पी-व्हॅल्यूवर करू नका. एकेक घटक तपासून ०.०५ च्या खाली येणारेच मॉडेलमध्ये घ्यायचे, ही पद्धत अजूनही शिकवली जाते. तिची अडचण अशी की खरा कन्फाउंडर छोट्या नमुन्यात ०.०५ च्या वर राहू शकतो आणि मधली कडी मोठ्या दिमाखात खाली येते. गोळी आणि गुंगी यांचा संबंध तर घट्टच असणार. पी-व्हॅल्यूला कारण आणि परिणाम यांतला फरक कळत नाही. तुम्ही तशीच निवड केली असेल, तर ‘क्लिनिकल महत्त्वानुसार निवडले’ असे न लिहिता जे केले तेच लिहा. मग पूर्वज्ञानावर आधारलेल्या यादीने पुन्हा विश्लेषण करून तेही द्या.

आठव्या मुद्द्यात प्रत्येक घटक कसा मोजला ते येते आणि दोन्ही गटांत मोजण्याची पद्धत सारखी होती का, तेही. नमुना वाक्ये अशी:

> निद्रानाशाची तीव्रता सुरुवातीच्या मुलाखतीत इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्सने (० ते २८ गुण) मोजली. ‘पडणे’ म्हणजे नकळत जमिनीवर किंवा खालच्या पातळीवर येणे, अशी व्याख्या घेतली. सहभागींनी वहीत तारीख टिपली आणि दरमहा फोनवर ती विचारली. फोन करणाऱ्यांना कोण गोळी घेते याची माहिती नव्हती आणि दोन्ही गटांसाठी प्रश्नावली एकच होती.

शेवटचे वाक्य छोटे आहे, पण नवव्या मुद्द्याचे निम्मे काम तेच करते. फोन करणाऱ्याला गट माहीत असता, तर गोळी घेणाऱ्याला ‘नीट आठवून सांगा’ असे त्याने दोनदा विचारले असते.

इथेच एक दोष मान्य करायचा आहे. सुरुवातीला गोळी घेणाऱ्यांत वर्षानुवर्षे घेणारेही आहेत. गोळी सुरू केल्यावर लगेच पडलेले लोक ती सोडून गेलेले असू शकतात आणि मग आपल्या गटात गोळी पचवलेलेच उरतात. शिवाय त्यांची आजची झोप गोळीमुळे सुधारलेली असेल, तर निद्रानाशाचा गुण खरी मूळ तीव्रता दाखवत नाही. नव्याने गोळी सुरू करणाऱ्यांचाच कोहोर्ट घेतला असता, तर हे टळले असते. तसे केले नसेल तर सहाव्या मुद्द्यात ‘चालू वापरणारे’ असा स्पष्ट शब्द वापरा आणि हा धोका एकोणिसाव्यापर्यंत न्या.

## पायरी ३: नववा मुद्दा स्वतःच्या पायावर उभा करा

पद्धतींमध्ये ‘बायस’ हे उपशीर्षक द्या. चार-पाच वाक्ये पुरतात, पण प्रत्येक वाक्यात एक धोका आणि त्याच्यासाठी केलेली एक कृती असली पाहिजे.

> विस्मरण कमी करण्यासाठी वर्षअखेर एकदाच विचारण्याऐवजी दरमहा नोंद घेतली. नोंद घेणाऱ्यांपासून एक्स्पोजरची माहिती लपवली. गळती कमी करण्यासाठी प्रत्येकाकडून दुसरा संपर्क क्रमांक घेतला आणि तीन वेगवेगळ्या दिवशी प्रयत्न केल्यावरच संपर्क तुटला असे धरले. एक्स्पोजर सहभागीच्या सांगण्यावर न ठेवता औषधाची पाकिटे पाहून नोंदवला.

‘योग्य ती काळजी घेतली’, ‘प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी माहिती गोळा केली’ यांसारखी वाक्ये इथे नकोत. प्रशिक्षण हा बायसवरचा उपाय तेव्हाच ठरतो, जेव्हा कुठली चूक टाळण्यासाठी ते दिले हे सांगितलेले असते.

कन्फाउंडिंग इथे घालायचे की बाराव्यात? विश्लेषणातली हाताळणी बाराव्यात जाते. रचनेतच काही केले असेल, उदाहरणार्थ वयानुसार जोड्या लावल्या किंवा ठरावीक लोक वगळले, तर ते सहाव्यात सांगा आणि नवव्यात त्याकडे बोट दाखवा. एकच गोष्ट दोनदा लिहायची गरज नाही.

## पायरी ४: बारावा मुद्दा, सर्वांत जास्त तपशील इथे

‘लॉजिस्टिक रिग्रेशन वापरून कन्फाउंडरसाठी ॲडजस्ट केले’ एवढ्यावर दुसऱ्या कुणालाही तुमचे विश्लेषण पुन्हा करता येणार नाही. कसोटी अशी ठेवा: तुमची माहिती आणि हा परिच्छेद एखाद्या अनोळखी संख्याशास्त्रज्ञाला दिला, तर त्याला तुमचाच आकडा मिळेल का?

पहिली गोष्ट, कुठले गुणोत्तर. पडणे इथे दुर्मीळ नाही, न घेणाऱ्यांतही २० टक्के आहे. याच आकड्यांवरून ऑड्स-गुणोत्तर काढले तर ते १.७१ येते, जोखीम-गुणोत्तर मात्र १.५०. ऑड्स-गुणोत्तर देऊन ‘धोका ७१ टक्क्यांनी जास्त’ असे लिहिणे चूक आहे. जोखीम-गुणोत्तरासाठी रोबस्ट व्हेरियन्ससह प्वासाँ रिग्रेशन चालते.

दुसरी गोष्ट, घटक मॉडेलमध्ये कोणत्या रूपात टाकले. वय ‘७५ च्या खाली’ आणि ‘७५ व वर’ अशा दोन गटांत टाकले, तर ७६ वर्षांचा आणि ९० वर्षांचा माणूस मॉडेलला सारखाच दिसतो. वयाचे बरेचसे कन्फाउंडिंग मग तसेच राहते, पण तक्त्याखाली ‘वयासाठी ॲडजस्टेड’ असे लिहिलेले असते. म्हणून वय सलग आकडा म्हणून घेतले की गटांत, सरळ रेषेत की वक्र, हे सांगा. गट केले असतील, तर सीमा आणि त्यांचे कारण द्या. हा अकरावा मुद्दा आहे, पण तो बसतो इथेच.

तिसरी गोष्ट, गहाळ माहिती. समजा ९०० पैकी ९० जणांचा नैराश्याचा गुण नाही. सॉफ्टवेअर काही न बोलता त्यांना वगळते आणि मॉडेल ८१० जणांवर चालते. तक्त्यात मात्र ९०० छापलेले असते. हे पकडायला सोपे आहे: प्रत्येक मॉडेलच्या आउटपुटमधली निरीक्षणांची संख्या तक्त्यातल्या संख्येशी जुळवा. मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे गहाळ जागा अंदाजाने भरलेले माहितीचे अनेक संच बनवणे, केले असेल, तर किती संच बनवले, त्या मॉडेलमध्ये कोणते घटक होते आणि त्यांत परिणामाचा समावेश होता का, ते लिहा. परिणाम त्यात असायला हवा, नाहीतर भरलेले गुण पडण्याशी नाते नसल्यासारखे भरले जातात.

चौथी गोष्ट, गळती. त्यासाठी गृहीतक काय घेतले ते इथे सांगा, आकडे निकालांत येतील.

## पायरी ५: निकालांत यादी पूर्ण करा

तेराव्या मुद्द्याला प्रवाह-आकृती द्या: १,२०० जणांना विचारले, २०० जणांनी नकार दिला, १,००० दाखल झाले, ४० आणि ६० गळाले, ९०० विश्लेषणात आले. नकाराची कारणे ठाऊक असतील तर तीही. गळती दोन्ही गटांसाठी वेगवेगळी द्या. एकूण १० टक्के ऐकायला बरे वाटते, पण गोळी घेणाऱ्यांत ती १६ टक्के आणि न घेणाऱ्यांत ८ टक्के आहे. बायस त्या फरकात दडलेला असतो, एकूण आकड्यात नाही.

पहिल्या तक्त्यात दोन्ही गटांची वैशिष्ट्ये द्या, प्रत्येक घटकापुढे किती जणांची माहिती नाही तेही द्या आणि पी-व्हॅल्यूचा रकाना काढून टाका. कन्फाउंडर दोन गटांत ‘लक्षणीय’ वेगळा आहे की नाही यावर तो कन्फाउंडर आहे की नाही हे ठरत नाही.

सोळाव्या मुद्द्यात कच्चे आणि ॲडजस्टेड दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवेत. समजा ॲडजस्टेड जोखीम-गुणोत्तर १.३६ आले, इंटरव्हल १.०५ ते १.७६. मग असे लिहा:

> कच्चे जोखीम-गुणोत्तर १.५० (९५ टक्के कॉ. इं. १.१६ ते १.९४). वय, लिंग, निद्रानाशाची तीव्रता, नैराश्याचा गुण, मागच्या वर्षी पडणे, दृष्टी आणि इतर औषधांची संख्या यांसाठी ॲडजस्ट केल्यावर १.३६ (१.०५ ते १.७६).

त्याच्यापुढे निरपेक्ष आकडाही द्या. १.३६ म्हणजे किती माणसे? न घेणाऱ्यांतील २० टक्के धरले, तर १०० जणांमागे साधारण ७ जास्त. हा हिशेब कोणत्या आधारावर केला ते एका वाक्यात सांगा.

त्याच मॉडेलमधली वय, नैराश्य, दृष्टी यांची गुणोत्तरे मुख्य तक्त्यात छापायचा मोह टाळा. यादी गोळीच्या परिणामासाठी निवडली होती. नैराश्याच्या परिणामासाठी कन्फाउंडर वेगळे असतात आणि निद्रानाश तिथे मधली कडी ठरू शकतो. एका तक्त्यात छापले की वाचक सगळे आकडे सारख्याच अर्थाने वाचतो.

आता गळती. हा हिशेब हाताने जमतो आणि समीक्षक तो मागतातच. गळालेल्या ४० गोळीवाल्यांपैकी न घेणाऱ्यांसारखे २० टक्के, म्हणजे ८ जण पडले असे धरा. उलट ६० न घेणाऱ्यांपैकी ३० टक्के, म्हणजे १८ जण पडले असे धरा. मग २५० पैकी ७१ आणि ७५० पैकी १५६, गुणोत्तर १.३७. दुसऱ्या बाजूने, गोळी घेणारे पडूनच गळाले असावेत असे मानून त्यांच्यात ४५ टक्के, म्हणजे १८ धरले आणि दुसऱ्या गटात नेहमीचे २० टक्के, म्हणजे १२ धरले, तर ८१ आणि १५०, गुणोत्तर १.६२. म्हणजे कच्चा आकडा गळतीमुळे १.३७ ते १.६२ च्या दरम्यान हलू शकतो. गळालेल्यांपैकी एकही गोळीवाला पडला नाही आणि न घेणारा प्रत्येक जण पडला, असे टोकाचे धरले तर ०.९५ येते. तेही द्या, पण ते गृहीतक किती अशक्य आहे हे सांगून द्या.

## पायरी ६: एकोणिसावा मुद्दा, दिशा आणि प्रमाण

इथे एक वाक्य जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात सापडते: ‘चूक दोन्ही गटांत सारखी असल्याने खरा परिणाम याहून मोठाच असेल.’ ते तपासून पाहा. समजा खरी जोखीम ३० आणि २० टक्के आहे आणि दोन्ही गटांतले पाचांपैकी एक जण पडलेले विसरतो, पण न पडलेला कुणी ‘पडलो’ असे सांगत नाही. मग नोंद होईल २४ आणि १६ टक्क्यांची. गुणोत्तर तेच, १.५०. कमी झाला तो फरक, १०० मागे १० चा ८ झाला. गुणोत्तर १ कडे सरकते ते न पडलेल्यांची ‘पडले’ अशी खोटी नोंद होते तेव्हा. आणि विसरणे सारखे नसेल, गोळीच्या गुंगीत तो गट जास्त विसरत असेल, ३० टक्के घटना राहून जात असतील, तर नोंद २१ आणि १६ ची होईल, गुणोत्तर १.३१. म्हणून आधी चूक कुठल्या प्रकारची आहे ते सांगा, दिशा त्यानंतर.

न मोजलेल्या कन्फाउंडरसाठी ई-व्हॅल्यू वापरता येते. सूत्र सोपे आहे:

```
E = RR + sqrt(RR * (RR - 1))
```

१.३६ साठी ती २.०६ येते आणि इंटरव्हलच्या खालच्या टोकासाठी, १.०५ साठी, १.२८. अर्थ असा: मद्यपानाने १.३६ पूर्णपणे खोटे ठरवायचे असेल, तर मोजलेल्या घटकांपलीकडे त्याचा गोळी घेण्याशी आणि पडण्याशी, दोन्हींशी निदान २.०६ इतका संबंध हवा. पण इंटरव्हल १ पर्यंत आणायला दोन्हींशी १.२८ इतका संबंधही पुरेल. नुसते २.०६ छापून १.२८ गाळणे ही या आकड्याशी होणारी नेहमीची लबाडी. शिवाय ई-व्हॅल्यू मोजमापाच्या चुकांबद्दल आणि गळतीबद्दल काहीच सांगत नाही, तिच्याकडून तेवढी अपेक्षा करू नका.

एकत्र लिहिले की परिच्छेद असा होतो:

> मद्यपानाची माहिती घेतली नव्हती. ते गोळीचा वापर आणि पडणे या दोन्हींशी जोडलेले असल्यास आमचे गुणोत्तर फुगलेले असेल. दोन्हींशी १.२८ इतका संबंध असलेला कन्फाउंडरही इंटरव्हल १ पर्यंत आणू शकतो, त्यामुळे हा निष्कर्ष या धोक्यापुढे भक्कम नाही. गोळी घेणाऱ्यांत गळती दुप्पट होती. गृहीतके बदलल्यावर कच्चे गुणोत्तर १.३७ ते १.६२ दरम्यान राहिले. सहभागी चालू वापरणारे असल्याने गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला धोका आमच्या आकड्यात कमी दिसत असण्याची शक्यता आहे.

यात प्रत्येक वाक्याला पहिल्या पायरीच्या यादीतली एक ओळ आहे. यादीत असून इथे न आलेली आणि इथे असून पद्धतींत न भेटलेली प्रत्येक गोष्ट शोधा. दुसरी चूक जास्त गंभीर आहे. चर्चेत अचानक उगवलेल्या सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिसला बाराव्या आणि सतराव्या मुद्द्यात जागा नसेल, तर ते नंतर सुचले असे धरले जाते. नंतर सुचले असेल तर तसे लिहा, त्यात गैर काही नाही.

## चेकलिस्ट भरताना

आता जास्तीच्या रकान्यातली वाक्ये वाचा. सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या मुद्द्यांतल्या कन्फाउंडरच्या याद्या अक्षरशः एकसारख्या आहेत का, ते बोट ठेवून ताडा. सहलेखकांच्या दुरुस्त्यांत एखादा घटक कुठेतरी गळतो आणि पुनरावलोकनात नेमका तोच सापडतो. सारांशातला आकडा ॲडजस्टेड आहे की कच्चा, तेही तिथे लिहिले आहे का बघा. माहिती पुरवणीत असेल तर रकान्यात ‘पुरवणी, तक्ता २’ असे लिहा.

एखादा मुद्दा खरोखर केलेलाच नसेल, तर ‘लागू नाही’ असे लिहू नका. ‘लागू नाही’ म्हणजे या रचनेत तो प्रश्नच उद्भवत नाही. फोन करणाऱ्यांपासून गट लपवला नसेल, तर रकान्यात ‘केले नाही, पाहा चर्चा, परिच्छेद ३’ असे लिहा आणि चर्चेच्या तिसऱ्या परिच्छेदात त्याची दिशा सांगा.